दोन किमती, तीन कोन

आमच्या इमारतीतली एक मुलगी यंदा बारावीला आहे. परवा संध्याकाळी ती गणिताची वही घेऊन आली आणि म्हणाली, "काका, मी उत्तर समीकरणात घालून पाहिलं, बरोबर येतंय. मग सरांनी गुण का कापले?" गणित हे होतं:

2 sin²x − sin x − 1 = 0

x ची 0° ते 360° मधली सगळी मूल्ये शोधायची होती. तिने −1 बरोबरच्या चिन्हापलीकडे नेला, डावीकडे sin x सामाईक काढला आणि लिहिलं: sin x (2 sin x − 1) = 1. मग दोन्ही अवयव एकेक करून 1 बरोबर मांडले. पहिल्यातून sin x = 1 आलं. दुसऱ्यातून 2 sin x = 2, म्हणजे पुन्हा sin x = 1. म्हणून x = 90°. ताळा केला तर 2 वजा 1 वजा 1, शून्य. सगळं जुळलं!

मला ही वही फार मोलाची वाटली, कारण या प्रकारच्या गणितात पोरं नेमकी कुठे अडखळतात ते त्या पाच ओळींत दिसत होतं. 90° हे उत्तर खरं आहे. पण ते एकटं नाही. ताळा आपल्याला एवढंच सांगतो की हाती आलेलं उत्तर चूक नाही. किती उत्तरं हातातून निसटली हे ताळा कधीच सांगत नाही.

आधी चूक कुठे झाली ते पाहू. दोन संख्यांचा गुणाकार शून्य असेल तर त्यातली एक तरी शून्य असलीच पाहिजे. ही सोय फक्त शून्याला आहे. गुणाकार 1 असेल तर दोन्ही संख्या 1 असण्याची काही सक्ती नाही. 2 आणि 1/2 यांचाही गुणाकार 1 येतो, आणि −1/2 व −2 यांचाही. ही शेवटची जोडी लक्षात ठेवा. sin x जर −1/2 असेल, तर 2 sin x − 1 बरोबर −2 होतो आणि गुणाकार 1 येतो. तिचं हरवलेलं उत्तर तिच्याच ओळीत दडून बसलं होतं.

म्हणून पहिला नियम असा की सगळं एका बाजूला आणायचं, दुसऱ्या बाजूला शून्य ठेवायचं आणि मगच अवयव पाडायचे. लिहायला सोपं जावं म्हणून sin x च्या जागी s लिहू. समीकरण झालं 2s² − s − 1 = 0. हे दहावीतलं साधं वर्गसमीकरण आहे. मधलं पद फोडायचं: −s म्हणजे −2s आणि +s. मग 2s(s − 1) + 1(s − 1), म्हणजेच (s − 1)(2s + 1) = 0. आता मात्र एकेक अवयव शून्य मानायला पूर्ण मोकळीक आहे. s = 1 किंवा s = −1/2.

अवयव सुचले नाहीत तरी अडत नाही. भास्कराचार्यांनी आपल्या बीजगणितात श्रीधराचार्यांची म्हणून दिलेली रीत इथे सुरेख चालते. 2s² − s = 1 या समीकरणाला वर्गपदाच्या सहगुणकाच्या चौपटीने, म्हणजे 8 ने, गुणायचं. 16s² − 8s = 8. दोन्हीकडे 1 मिळवला की डावीकडे पूर्ण वर्ग तयार होतो: (4s − 1)² = 9. म्हणून 4s − 1 हे 3 किंवा −3, आणि s पुन्हा 1 किंवा −1/2. कुठेही अंदाज बांधावा लागला नाही.

इथपर्यंत बीजगणित होतं. त्याचं काम संपलं, पण गणित संपलेलं नाही. कारण विचारलं होतं x, आणि आपल्याला मिळालाय s. पहिली चूक टाळणारी कितीतरी मुलं या वळणावर घसरतात.

s म्हणजे नेमकं काय, ते मी त्या मुलीला जत्रेतल्या आकाशपाळण्यावरून सांगितलं. पाळण्याच्या चाकाची त्रिज्या एक एकक धरा. मधला आस जिथे आहे ती उंची शून्य. आसाच्या बरोबर उजवीकडे असलेली बैठक म्हणजे 0°. तिथून चाक वर जात फिरू लागलं की 90° ला बैठक माथ्यावर, 180° ला डावीकडे, 270° ला तळाशी आणि 360° ला पुन्हा मूळ जागी. कोणत्याही क्षणी ती बैठक आसाच्या किती वर किंवा किती खाली आहे, ती उंची म्हणजे त्या कोनाचा साइन. वर असेल तर धन, खाली असेल तर ऋण.

वर्गसमीकरणाने आपल्याला उंची सांगितली. आता विचारायचं ते हे, की एका फेऱ्यात बैठक त्या उंचीवर कुठे कुठे असते?

उंची 1 म्हणजे माथा. फेऱ्यात माथा एकदाच येतो. x = 90°. उंची −1/2 मात्र आसाच्या खाली आहे, आणि त्या उंचीवरून बैठक दोनदा जाते, एकदा डाव्या अंगाने उतरताना आणि एकदा उजव्या अंगाने चढताना. साइन 1/2 असणारा ओळखीचा कोन 30°. म्हणून डावीकडे 180° ओलांडून आणखी 30°, म्हणजे 210°. उजवीकडे 360° ला 30° कमी, म्हणजे 330°. ताळा करा: 2 गुणिले 1/4, त्यात 1/2 मिळवा, 1 वजा करा. शून्य. बारावीच्या वहीत हेच तीन कोन π/2, 7π/6 आणि 11π/6 असे लिहितात.

"पण मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर −30 येतं," ती म्हणाली. बरोबरच आहे. कॅल्क्युलेटरला एका उंचीसाठी एकच कोन द्यावा लागतो, म्हणून तो −90° ते 90° एवढ्याच पट्ट्यातला कोन देतो. −30° म्हणजे उजवीकडून 30° खाली, अर्थात 330° वालीच बैठक. डावीकडची 210° ची बैठक त्या पट्ट्यात बसत नाही, म्हणून कॅल्क्युलेटर तिच्याविषयी गप्प राहतो. ती आपणच शोधायची. (आणि पडद्यावर −0.5236 उमटलं तर घाबरू नये, तो हाच कोन रेडियनमध्ये आहे.)

म्हणून मोजणी आधीच करून ठेवावी. उंची 1 किंवा −1 आली तर एका फेऱ्यात एकच जागा. त्यांच्या मधली कोणतीही उंची आली तर दोन जागा; उंची नेमकी शून्य असेल तर 0° आणि 360° ही एकच बैठक दोनदा मोजली जाणार नाही एवढं पाहायचं. आणि उंची 1 च्या वर किंवा −1 च्या खाली आली तर एकही जागा नाही. हे शेवटचंही वारंवार घडतं. 2 sin²x − 3 sin x − 2 = 0 घेतलं तर s = 2 आणि s = −1/2 मिळतात. एक एकक त्रिज्येच्या चाकावरची बैठक दोन एकक उंचीवर कधीच जाणार नाही, तेव्हा s = 2 सोडून द्यायचं आणि तसं कारण लिहून सोडायचं. आपल्या गणितात मोजणी सांगते: एक अधिक दोन, तीन. वहीत एकच कोन असेल तर काहीतरी राहिलंय हे ताळ्याशिवायही कळतं.

90° ची जागा आणखी एका कारणाने वेगळी आहे. डावी बाजू म्हणजे 2 sin²x − sin x − 1 ही राशी आलेखावर काढून पाहा. 0° ला ती −1 आहे. 90° पाशी ती खालून वर येते, आडव्या अक्षाला अलगद टेकते आणि पुन्हा खाली जाते. 210° ला मात्र ती अक्ष ओलांडून वर येते, 270° ला 2 पर्यंत पोचते आणि 330° ला परत अक्ष ओलांडून खाली उतरते. माथ्यावरची बैठक काही क्षण जवळजवळ आडवी सरकते, त्याचीच ही खूण. संगणकाला नुसतं "चिन्ह कुठे बदलतं ते शोध" असं सांगितलं तर तो 210° आणि 330° शोधेल आणि 90° चुकवेल. त्या मुलीच्या नेमकं उलट.

कक्षा दिलेली नसेल, तर पाळणा थांबत नाही हे ध्यानात ठेवून प्रत्येक कोनात 360° च्या कितीही पटी मिळवायच्या. ती व्यापक उकल.

आता ते तीन कोन पुन्हा एकदा पाहा. 90°, 210°, 330°. प्रत्येकात अंतर 120°. छताच्या पंख्याची तीन पाती! एक वर, दोन खाली. आधीच्या दोन किमतींत, 1 आणि −1/2 मध्ये, अशा समान अंतराची काहीच चाहूल नव्हती. मग हे आलं कुठून?

तिप्पट कोनाचं सूत्र आठवा: sin 3x = 3s − 4s³. हे −1 बरोबर ठेवलं तर 4s³ − 3s − 1 = 0 मिळतं, आणि त्याचे अवयव (s − 1)(2s + 1)² असे पडतात. तेच दोन अवयव! म्हणजे आपलं मूळ समीकरण आणि sin 3x = −1 यांची उत्तरं अगदी एकच आहेत. sin 3x = −1 म्हणजे तिप्पट वेगाने फिरणारी बैठक तळाशी असणं. 3x = 270° पासून सुरुवात करून दर वेळी 360° मिळवत जा, आणि तीनाने भागा: 90°, 210°, 330°, 450°... सगळी व्यापक उकल एका ओळीत मावते, x = 90° + 120°k, जिथे k कोणताही पूर्णांक.

ती ओळ पाहून मुलगी पटकन म्हणाली, "मग प्रत्येक वेळी असंच करायचं?" नाही. मधलं चिन्ह बदलून 2 sin²x + sin x − 1 = 0 केलं तर s = 1/2 आणि −1 येतात, कोन 30°, 150°, 270°, आणि पंखा उलटा झालेला दिसतो. पण 2 sin²x − 3 sin x + 1 = 0 घ्या. s = 1/2 आणि 1. कोन 30°, 90°, 150°. तिन्ही बैठका चाकाच्या वरच्या अर्ध्यात, 60° च्या अंतराने दाटीवाटीने बसलेल्या, आणि खालचा अर्धा भाग रिकामा. तिथे sin 3x ची किल्ली लागत नाही. आधी उंची काढायची आणि मग चाकावर तिच्या जागा शोधायच्या, एवढाच रस्ता उरतो. तिने ते गणित तिथेच बसून सोडवलं, आणि कोन लिहिण्याआधी समासात बारीक अक्षरात लिहिलं: दोन अधिक एक, तीन.