फोटोला वारली फिल्टर लावला, तरी तो वारली का वाटत नाही? ग्राम मॅट्रिक्स समजून घेऊया

फोटोचं पेंटिंग करून देणारी ॲप्स तुम्ही वापरली असतीलच. २०१६ मध्ये प्रिझ्मा नावाचं ॲप आलं आणि काही आठवड्यांतच सगळ्यांचे डीपी तैलचित्रासारखे दिसायला लागले. या प्रकाराला न्यूरल स्टाइल ट्रान्सफर म्हणतात. याची सुरुवात २०१५ मधल्या एका शोधनिबंधातून झाली. जर्मनीतल्या ट्यूबिंगेन विद्यापीठातले गॅटिस, एकर आणि बेथगे हे त्याचे लेखक. त्यांनी आपल्याच गावातल्या नदीकाठच्या घरांचा फोटो घेतला आणि तो व्हॅन गॉगच्या ‘स्टारी नाइट’च्या शैलीत रंगवून दाखवला.

आपण हाच प्रयोग आपल्या मातीतल्या चित्रावर करून बघूया. समजा, तुम्ही शेलूबाजारच्या चौकात मोबाइलवर एक फोटो काढला. समोर भाजीची दुकानं, कडेला एक ऑटो, मागे टपऱ्या आणि वरचा अर्धा भाग निव्वळ आकाश. हा झाला आपला कंटेंट फोटो. स्टाइलसाठी घेतलं एक वारली चित्र: गेरूच्या लाल-तपकिरी पार्श्वभूमीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रेघा, दोन त्रिकोण जोडून केलेली माणसं आणि मधोमध तारपा वाजवणाऱ्याभोवती फेर धरून नाचणारी माणसांची मोठी रांग.

निकाल काय येतो ते आधीच सांगतो. रंग बरोबर येतात, पांढऱ्या बारीक रेघाही येतात. ऑटो ऑटोसारखाच दिसतो. पण माणसं वारली होत नाहीत, तारप्याचा फेर तर कुठेच नसतो, आणि आकाशात पांढऱ्या काड्यांचा कचरा पसरलेला असतो. असं का होतं, याचं उत्तर ज्या गणितात आहे त्याचं नाव ग्राम मॅट्रिक्स. (ग्राम म्हणजे गाव नव्हे बरं का! योर्गन ग्राम नावाच्या डॅनिश गणितज्ञाचं ते आडनाव आहे.)

आधी, नेटवर्कला चित्रात काय दिसतं?

इथे जे नेटवर्क वापरतात त्याचं नाव व्हीजीजी-१९. ते ऑक्सफर्डमध्ये तयार झालं आणि इमेजनेटच्या सुमारे १२ लाख फोटोंवर १,००० प्रकारच्या गोष्टी ओळखायला शिकलं. त्याला कुणी चित्रकला शिकवलेली नाही. पण कुत्रा, बस, खुर्ची ओळखता ओळखता ते रेघा, कोपरे, पोत आणि आकार पकडायला शिकलं. आपल्याला तेवढंच हवंय. म्हणून हे आधीच शिकलेलं नेटवर्क जसंच्या तसं घ्यायचं आणि त्याला पुढे काहीही शिकवायचं नाही.

नेटवर्कच्या प्रत्येक थरात बरेच चॅनेल असतात. एक चॅनेल म्हणजे एक पहारेकरी समजा. एकाचं काम तिरपी रेघ शोधणं, दुसऱ्याचं टोकदार कोपरा शोधणं. चित्रात ती गोष्ट जिथे सापडेल तिथे तो मोठा आकडा लिहितो, नसेल तिथे शून्य. पहिल्या थरात (`conv1_1`) असे ६४ पहारेकरी असतात, चौथ्या गटातल्या `conv4_1` मध्ये ५१२.

ग्राम मॅट्रिक्स: कोण कोणासोबत हजर असतं?

आता दोनच पहारेकरी घेऊ आणि चित्राच्या चारच जागा घेऊ. वारली त्रिकोणात तिरपी रेघ आणि टोकदार कोपरा एकाच जागी येतात. तेव्हा आकडे असे दिसतील:

```
चित्र अ
तिरपी रेघ : 2 0 2 0
कोपरा     : 1 0 1 0
```

दोघांचे आकडे जागेनुसार गुणायचे आणि बेरीज करायची: २×१ + ०×० + २×१ + ०×० = ४. हा झाला रेघ आणि कोपरा यांच्या जोडीचा आकडा. रेघेचा स्वतःशीच गुणाकार केला तर ४ + ४ = ८, कोपऱ्याचा स्वतःशी १ + १ = २. हे आकडे चौकटीत मांडले की ग्राम मॅट्रिक्स तयार:

```
        रेघ  कोपरा
रेघ      8     4
कोपरा    4     2
```

आता दुसरं चित्र बघा. यात रेघा तेवढ्याच आहेत, कोपरेही तेवढेच आहेत, पण वेगवेगळ्या जागी:

```
चित्र ब
तिरपी रेघ : 2 0 2 0
कोपरा     : 0 1 0 1
```

इथे जोडीचा आकडा ४ वरून थेट ० वर येतो. म्हणजे ग्राम मॅट्रिक्स फक्त ‘किती रेघा आहेत’ एवढंच मोजत नाही, तर ‘कोणत्या गोष्टी सोबत येतात’ हेही मोजतं. शैलीचा बराचसा भाग याच सोबतीत असतो. व्हॅन गॉगकडे निळा रंग आणि वळणदार फटकारे सोबत येतात, वारलीत पांढरा रंग आणि बारीक सरळ रेघ.

आता तिसरं चित्र, ज्यात सगळा खेळ आहे:

```
चित्र क
तिरपी रेघ : 0 0 2 2
कोपरा     : 0 0 1 1
```

गणित करून बघा. पुन्हा ८, ४, ४, २, हुबेहूब ‘अ’सारखंच. अ मध्ये त्रिकोण एकाआड एक होते, क मध्ये दोन्ही उजवीकडे गर्दी करून बसले, तरी ग्राम मॅट्रिक्सला फरक कळला नाही. कारण बेरीज करताना ‘कुठे’ ही माहिती पुसली गेली. सोबत कोण होतं हे कळलं, जागा कोणती होती हे नाही.

फोटो रंगवला जातो कसा?

कोडमध्ये हा हिशेब इतकाच असतो:

```python
def gram(F):
    c, h, w = F.shape
    F = F.reshape(c, h * w)
    return F @ F.T / (c * h * w)
```

शेवटचा भागाकार विसरू नका. स्टाइलचं चित्र मोठं आणि तुमचा फोटो लहान असेल, तर भागाकाराशिवाय मोठ्या चित्राच्या बेरजा उगाचच मोठ्या येतात आणि तुलना फसते. फोटो भडक होऊन फाटल्यासारखा दिसला, तर आधी ही ओळ तपासा.

पुढची पायरी अशी. एक तिसरं चित्र घेतात, सुरुवातीला नुसत्या रंगीत ठिपक्यांचं किंवा आपल्या फोटोची कॉपी. त्याला दोन अटी घालतात. पहिली अट: `conv4_2` या थरात त्याचे आकडे आपल्या फोटोच्या आकड्यांशी जागेवर जागा जुळले पाहिजेत. त्यामुळे ऑटो ऑटोच्या जागी राहतो. दुसरी अट: `conv1_1` पासून `conv5_1` पर्यंत पाच थरांमध्ये त्याचं ग्राम मॅट्रिक्स वारली चित्राच्या ग्राम मॅट्रिक्सशी जुळलं पाहिजे. दोन्हीकडची चूक मोजून बेरीज करतात:

```
L = α · L_content + β · L_style
```

α वाढवला तर फोटो जास्त ओळखू येतो, β वाढवला तर शैली जास्त चढते. मग ही चूक कमी होईल अशा दिशेने चित्राचे पिक्सेल थोडे थोडे बदलत जायचं, शेकडो वेळा. लक्षात घ्या, इथे नेटवर्क बदलत नाही, चित्राचे पिक्सेल बदलतात.

प्रत्येक फोटोसाठी शेकडो फेऱ्या मोबाइलला कशा परवडतील? २०१६ मध्ये जॉन्सन, अलाही आणि फेई-फेई ली यांनी यावर उपाय दिला. प्रत्येक शैलीसाठी एक छोटं नेटवर्क आधीच शिकवून ठेवायचं, आणि शिकवताना चूक मोजायला हेच ग्राम मॅट्रिक्स वापरायचं. मग फोटो त्यातून एकदाच गेला की काम झालं, साधारण हजारपट वेगाने. पण मोजपट्टी तीच असल्यामुळे तिची मर्यादाही तीच राहते.

आता आपला वारली फोटो तपासू

पहिली तक्रार, तारप्याचा फेर गायब. फेर म्हणजे माणसं *कुठे* उभी आहेत याचीच गोष्ट, आणि ‘कुठे’ तर आपण पुसून टाकलं. तरीही छोटे आकार थोडेफार वाचतात, कारण प्रत्येक पहारेकऱ्याला एक खिडकी असते. `conv1_1` ची खिडकी फक्त ३×३ पिक्सेलची, `conv4_1` ची ६८×६८ आणि `conv5_1` ची १५६×१५६. या खिडकीत जो आकार मावतो त्याची काही ओळख टिकू शकते. ५१२ पिक्सेल रुंद चित्रात ४०० पिक्सेलचा फेर कुठल्याच खिडकीत मावत नाही, त्यामुळे त्याचे तुकडे होतात.

दुसरी तक्रार, त्रिकोणाची माणसं नाहीत. फोटोतला भाजीवाला पहिल्या अटीने आपल्या जागी आणि आपल्या आकारात धरून ठेवलेला असतो. ग्राम मॅट्रिक्स त्याच्यावर रंग आणि रेघांचा पोत चढवू शकतं. पण ‘माणूस दिसला की दोन त्रिकोण काढ’ हा नियम त्याच्याकडे नाही. नेटवर्कला वारली चित्रातली ती आकृती माणूस आहे हे सांगायला कुणी नव्हतं.

तिसरी तक्रार, आकाशातला कचरा. ग्राम मॅट्रिक्स पूर्ण चित्राची बेरीज असते. वारली चित्रात जितक्या रेघा सरासरीने आहेत, तितक्या निकालातही हव्यात. बाजाराच्या भागात आधीच वस्तूंची गर्दी आहे, मग उरलेला वाटा बहुतेक वेळा मोकळ्या आकाशावर जातो.

यावर थोडे उपाय आहेत. वारली चित्र लहान करून दिलं, म्हणजे एक माणूस साधारण ५०-६० पिक्सेल उंच होईल असं, तर आकृत्या खिडकीत मावतात आणि अर्धवट का होईना ओळखू येतात. त्याची किंमत म्हणजे रेघ फार बारीक होते. आकाशासाठी मास्क लावून ग्राम मॅट्रिक्स भागाभागाने वेगळं काढता येतं. पण तारप्याचा फेर यातल्या कशानेही येत नाही.

म्हणूनच स्टारी नाइट इथे छान जमतं आणि वारली फसतं. स्टारी नाइटची ओळख बऱ्याच अंशी फटकाऱ्यात आणि रंगात आहे. वारलीची ओळख मांडणीत आहे: लग्नाच्या चौकात देवी मधोमध असते, फेराच्या मध्यभागी तारपावाला असतो. डहाणू-तलासरीकडच्या घरांच्या भिंतींवर सुवासिनी हे चौक काढत आल्या, आणि जिव्या सोमा मशे यांनी ही कला कागदावर आणून जगभर पोचवली. त्यांच्या रेघेचा पोत हे मशीन उचलतं, त्यांनी कोण कुठे उभा केला ते मात्र उचलू शकत नाही. त्यामुळे अशा फिल्टरच्या निकालाला ‘वारली चित्र’ म्हणणं चूक आहे. फार तर ‘वारली पोत लावलेला फोटो’ म्हणा.

तुमच्या ॲपमध्ये आत काय चाललंय हे ओळखायची एक सोपी चाचणी आहे. घरातल्या कोऱ्या भिंतीचा फोटो काढा आणि त्यावर फिल्टर लावा. भिंतभर सारख्याच दाटीने रेघांचे तुकडे पसरले आणि एकही पूर्ण आकृती दिसली नाही, तर आत बहुधा ग्राम मॅट्रिक्ससारखाच हिशेब आहे. पूर्ण माणसं, झाडं, फेर उमटले, तर ते काम दुसऱ्याच पद्धतीने होतंय.