मुळांना पंचवीस मिनिटं, टोकांना पाच

केसांना घरी रंग लावणाऱ्या बहुतेकांचा एक ठरलेला क्रम असतो. भांगात पांढरी रेघ दिसली की पाकीट आणायचं, मिश्रण कालवायचं आणि मुळांपासून टोकांपर्यंत सगळ्या केसांना चोपडायचं. वर्षभरात मग असं दिसतं की मुळाशी रंग छान तपकिरी आहे, पण खालचे केस काळेकुट्ट आणि झाडूसारखे कोरडे झाले आहेत. असं का होतं आणि त्याऐवजी काय करायचं, ते आज पाहू.

आधी थोडा हिशोब करू. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटीमीटर वाढतात. तुमचे केस खांद्यापर्यंत, म्हणजे तीस सेंटीमीटर असतील, तर त्यांची टोकं दोन वर्षांची आहेत. दर पाच आठवड्यांनी तुम्ही सगळ्या केसांना रंग लावत असाल, तर मुळाशी नव्याने आलेल्या केसाला तो पहिल्यांदाच लागतो. टोकांना मात्र तो वीसेक वेळा लागून गेलेला असतो.

ट्यूब आणि डेव्हलपर मिसळून लावायच्या पक्क्या रंगात अमोनिया किंवा तसाच दुसरा अल्कली असतो. तो केस फुगवतो आणि त्याचं बाहेरचं खवल्यांचं आवरण सैल करतो. डेव्हलपरमधल्या हायड्रोजन पेरॉक्साइडमुळे रंगाचे बारीक कण केसाच्या आत एकमेकांना जोडले जाऊन मोठे होतात. मोठे झालेले कण सहज बाहेर निघत नाहीत, म्हणून रंग टिकतो. पण दर खेपेला हे आवरण थोडं झिजतं. झिजलेला केस नवा रंग पटकन शोषतो, आणि जुन्या रंगावर नवा चढत गेला की काळपटपणा साचतो.

म्हणून पूर्ण वेळ रंग फक्त नव्या वाढीला द्यायचा आणि टोकांना शेवटची काही मिनिटं.

आता प्रत्यक्ष कृती पाहू. समजा, गडद तपकिरी रंग आहे, पाच आठवड्यांची दीड सेंटीमीटर वाढ आहे आणि खालचा रंग उतरून तांबूस दिसतो आहे. पाकिटावर ट्यूब आणि डेव्हलपर समप्रमाणात घ्या असं लिहिलं असेल, तर तीस ग्रॅम आणि तीस मिली सहसा पुरतं. केस कोरडे असताना त्यांचे चार भाग करा. कंगव्याच्या टोकाने बारीक बटा पाडत ब्रशने फक्त वाढलेल्या भागाला रंग लावा. भांग आणि कानशिलं आधी घ्या, कारण पांढरे केस तिथेच जास्त दिसतात. जुना रंग सुरू होतो तिथे ब्रश थांबवा.

पाकिटावर तीस मिनिटं दिली असतील, तर लावून संपल्यावर पंचवीस मिनिटं थांबा. मग हातमोजे घातलेले हात कोमट पाण्यात ओले करा, मुळाशी असलेला रंग हलक्या हाताने चोळून सैल करा आणि मोठ्या दातांच्या कंगव्याने तो टोकांपर्यंत ओढा. पाण्याने रंग पातळ होतो, शिवाय एव्हाना त्याचा जोरही बराच ओसरलेला असतो. त्यामुळे टोकांवर फक्त हलका थर चढतो. तीन मिनिटांनी एक बट ओल्या फडक्याने पुसून पाहा. ओला केस थोडा गडदच दिसतो, हे लक्षात ठेवा. तांबूसपणा झाकला गेला असेल तर लगेच धुवा. नसेल तर पाच मिनिटं पूर्ण होऊ द्या, त्यापुढे नको.

टोकं आधीच मुळांपेक्षा गडद असतील, तर रंग खाली ओढूच नका. रंगावर रंग लावून केस उजळत नाहीत. काळा रंग लावणाऱ्यांनाही दर वेळी ओढायची गरज नसते. टोकं खरोखर उतरलेली दिसली तरच ओढा. आणि केसांना बाजारातली ‘काळी मेंदी’ किंवा घटक माहीत नसलेली पूड लावलेली असेल, तर आधी विंचरताना गळालेल्या केसांवर मिश्रण लावून पाहा. काही पुडींत धातूंचे क्षार असतात, आणि पेरॉक्साइड लागल्यावर केस तापून तुटू शकतात.

पाकिटावरची त्वचेची चाचणी मात्र प्रत्येक वेळी करा. थोडं मिश्रण कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावून अठ्ठेचाळीस तास वाट पाहा. पीपीडी या रंगद्रव्याची अ‍ॅलर्जी अनेक वर्षं बिनत्रास रंग लावल्यानंतरही उद्भवू शकते. खाज, पुरळ किंवा सूज आली, तर तो रंग मुळांनाही नको आणि टोकांनाही नको. चेहरा किंवा पापण्या सुजल्या, तर लगेच डॉक्टरांकडे जा.

उरलेलं कालवलेलं मिश्रण पुढच्या खेपेसाठी ठेवू नका. त्याचा जोर संपलेला असतो आणि बंद बाटलीत वायू साठून ती फुटू शकते. ट्यूब आणि डेव्हलपर न मिसळता, झाकणं घट्ट लावून ठेवलेत, तर पाच आठवड्यांनी तेच पाकीट पुन्हा वापरता येईल.