तीच ओळ चौदा वेळा: कव्वालीच्या महफिलीचं चित्रण करताना

नऊ मिनिटांची एक क्लिप आहे. आपल्या नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या एका लहान दर्ग्यात, उरुसाच्या रात्री मी घेतलेली. दर्ग्याचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे समजेल. त्यात तिसऱ्या मिनिटाला कव्वाल एक ओळ धरतात आणि सहाव्या मिनिटापर्यंत सोडतच नाहीत. मोजली तर चौदा वेळा. पहिल्यांदा संपादन करताना मी ती दोन वेळांवर आणली, बाकी कापलं. क्लिप आटोपशीर झाली. मग ती गादीजवळ बसणाऱ्या एका बुजुर्गांना दाखवली. ते शांतपणे म्हणाले, "बेटा, तूने लाइन नहीं काटी, महफिलच काट दी."

ही पोस्ट त्या कापलेल्या तीन मिनिटांबद्दल आहे. तुम्ही संशोधनासाठी कॅमेरा घेऊन अशा ठिकाणी जाणार असाल, तर हीच चूक तुमच्याकडूनही होऊ शकते.

आपल्याकडच्या प्रेक्षकाला पुनरावृत्ती नवीन नाही. कीर्तनात बुवा ध्रुवपदावर परत येतात, टाळकरी ते उचलतात. पण तिथे परत यायची जागा बहुतेक ठरलेली असते. कव्वालीतली पुनरावृत्ती, म्हणजे तकरार, श्रोत्यावर अवलंबून असते. कव्वाल गाताना समोर बसलेल्यांकडे सारखं बघत असतो. एखाद्याची मान हलली, डोळे भरले, हात वर गेला, की तो त्याच ओळीवर थांबतो, कधी अर्धीच ओळ घेतो. कधी त्यात दुसऱ्या शेराची गाठ मारतो, त्याला गिरह म्हणतात. कुणी हलत नसेल तर पुढे जातो. थोडक्यात, किती वेळा गायचं हे समोरचा माणूस ठरवतो.

श्रोता 'हाल'मध्ये गेला असेल, तर ओळ तोडायची नाही असा संकेत आहे. त्यामागे चिश्ती परंपरेत सांगितली जाणारी हकिगत आहे. दिल्लीचे ख्वाजा कुतबुद्दीन बख्तियार काकी एका शेरावर अशा अवस्थेत गेले की कव्वालांना तोच शेर गात राहावं लागलं, आणि त्यातच 1235 मध्ये त्यांचं निधन झालं. ही कथा माहीत असलेल्या श्रोत्यासाठी चौदा ही संख्या कंटाळवाणी नसते.

रेगुला कुरेशी यांनी 1986 च्या 'सुफी म्युझिक ऑफ इंडिया अँड पाकिस्तान' या पुस्तकात हीच देवाणघेवाण अभ्यासाचा मुख्य विषय केली. गायक काय गातो एवढंच नाही, तर त्या क्षणी श्रोता काय करतो आणि त्यावर गायक काय बदलतो, हे त्यांनी एकमेकांशेजारी ठेवून पाहिलं. मी विज्ञानाकडून आलोय, मला हे लगेच पटलं: दोन्ही बाजू एकाच वेळेच्या पट्टीवर नसतील तर कोण कुणाला प्रतिसाद देतंय हे कळणारच नाही. म्हणजे कॅमेरा फक्त गायकावर रोखला, तर निम्मी माहिती गेली.

आता अडचण इथेच येते. श्रोत्यांना टिपायचं म्हणजे अशा माणसाला टिपायचं, ज्याला त्या क्षणी भान नाही. संमती कशी घ्यायची?

मी आता असं करतो. आधी दर्ग्याचे विश्वस्त किंवा मुजावर यांची परवानगी, मग कव्वालांची. ही दुसरी परवानगी वेगळी घ्यावी लागते. गाणं ही त्यांची रोजी आहे आणि तुमची क्लिप फुकट फिरणार असते. महफिल सुरू होण्याआधी मुजावरांकडून सगळ्यांना कळवायचं की चित्रण होणार आहे, ज्यांना नको त्यांनी अमुक बाजूला बसावं. ती बाजू मग चौकटीत येऊ द्यायची नाही. महिला बहुतेक ठिकाणी वेगळ्या बसतात, त्यांच्या दिशेला कॅमेरा वळवायचाच नाही. हालमध्ये गेलेल्या माणसाला जवळून घ्यायचं नाही, रुंद चौकट ठेवायची, शक्यतो बाजूने. आणि दुसऱ्या दिवशी त्याला क्लिप दाखवूनच ठेवायची की नाही ते ठरवायचं. माझ्या क्लिपमधल्या गृहस्थांनी दुसऱ्या दिवशी स्वतःला पाहिलं आणि म्हणाले, अभ्यासाला वापर, पण गावात दिसू नये. म्हणून दर्ग्याचं नाव नाही आणि क्लिपही इथे नाही.

कॅमेरा कुठे ठेवायचा? डोकं झाकून, जोडे बाहेर काढून बसायचं, हे तुम्हाला माहीत असेल. मजारीकडे पाठ किंवा पाय करायचे नाहीत, हे चित्रणाच्या घाईत विसरायला होतं. कव्वालांचं तोंड गादीवरच्या बुजुर्गांकडे असतं आणि मधली मोकळी जागा ही ये-जा करायची वाट असते. तिथे तिपाई लावली की सगळं बिघडतं. एका कडेला, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा, म्हणजे कव्वाल आणि पहिली रांग दोन्ही तिरकी दिसतात. बुजुर्ग उभे राहिले की सगळे उभे राहतात. तुम्हीही उभे राहा, कॅमेरा आहे तिथेच चालू राहू द्या. आवाजाची पातळी मात्र आधी टाळ्या आणि ढोलक जोरात असताना तपासा. आलापावर लावलेली पातळी टाळ्यांनी फाटते, आणि फाटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही.

आता समजावणं. पहिल्यांदा बघणारा दोन ठिकाणी हमखास चुकतो. एक, नजराणा. श्रोता उठतो, झुकतो, नोट बुजुर्गांपुढे धरतो, ते हात लावतात आणि मग ती कव्वालाकडे जाते. माझ्या एका मित्राने बघताच म्हटलं, "अरे, पैसे उडवतायत!" चित्रणात फक्त नोट कव्वालासमोर पडताना दिसली तर तसंच वाटणार. पूर्ण वाट दाखवा, म्हणजे ती आधी गादीला दिलेली भेट आहे हे न सांगता कळतं.

दोन, हाल. वऱ्हाडातला प्रेक्षक लगेच म्हणतो, "याच्या अंगात आलं." अंगात येतं तेव्हा कुणीतरी बाहेरचं आत आलंय असं मानतात, त्याला प्रश्न विचारतात, ते बोलतं. हालमध्ये कुणी आत येत नाही, कुणी काही विचारत नाही. ती ऐकणाऱ्याचीच अवस्था समजली जाते. म्हणून मी उपशीर्षकात 'हाल' हाच शब्द ठेवतो आणि पहिल्यांदा येतो तेव्हा एका ओळीत एवढंच लिहितो: "ऐकण्यात हरवलेली अवस्था. ती असेपर्यंत ओळ तोडत नाहीत." त्या चौदा वेळांच्या खाली दुसरं काही लिहीत नाही.

टिपणं मी ELAN मध्ये ठेवतो. तीन पट्ट्या पुरतात: गायलं काय, श्रोत्याने केलं काय, नजराणा कधी. माझ्या क्लिपमध्ये पाचव्या आवर्तनाला त्या गृहस्थांचा हात वर गेला आणि सहाव्यापासून ढोलक बदलली. बाराव्यानंतर ते खाली बसले, तरी कव्वालांनी ती ओळ आणखी दोनदा घेतली. का, ते मला पट्टीवरून कळलं नाही. विचारल्यावर कव्वाल म्हणाले, माणूस बसला म्हणजे उतरला असं नसतं, बघावं लागतं.

आणि एक, निघण्याआधी विचारा की दर्गा कुठल्या सिलसिल्याचा. अकोला जिल्ह्यातल्या बाळापूरची खानका नक्शबंदी आहे. त्या परंपरेत मूक जिक्राला महत्त्व आहे आणि वाद्यांपासून सहसा लांब राहतात. तिथे जाऊन "कव्वाली किती वाजता?" असं विचारलंत तर चित्रणाची परवानगी मिळणं अवघड.