‘वापरात नाहीत’ म्हणून राहून गेलेल्या चार चाव्या

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या सुरक्षा विभागापुढे एक किचकट काम येऊन पडलं. जगभरातल्या असंख्य वेबसाइट्सची वाहतूक सांभाळणारी ही कंपनी आपल्या कर्मचाऱ्यांच्या लॉगिनसाठी ओक्टा या दुसऱ्या कंपनीची सेवा वापरत होती. ओक्टामध्ये घुसखोरी झाली आणि तिच्यातून क्लाउडफ्लेअरचीही हजारो क्रेडेन्शियल्स, म्हणजे पासवर्ड, टोकन आणि डिजिटल चाव्या, बाहेर गेल्या. त्या सगळ्या बदलायच्या होत्या. तशा त्या बदलल्या गेल्याही. फक्त एक टोकन आणि तीन खाती राहून गेली. कंपनीनं नंतर जाहीर केलेल्या अहवालात कारण स्वच्छ सांगितलं आहे: ही चार वापरात नाहीत, असा चुकीचा समज होता.

ही चारही क्रेडेन्शियल्स कुणा माणसाची नव्हती. ती सर्व्हिस अकाउंट्सची होती. आज कोणत्याही ऑफिसात थोडंफार सॉफ्टवेअर चालत असलं, तर तिथे अशी खाती असतातच. रात्री बॅकअप घेणारी स्क्रिप्ट, एका प्रणालीतली माहिती दुसरीत नेणारा प्रोग्रॅम, कोड तपासून सर्व्हरवर चढवणारी यंत्रणा यांनाही कुठेतरी लॉगिन करावं लागतं, आणि त्यांच्यासाठी वेगळं खातं उघडलं जातं. माणसाच्या खात्याला जी संरक्षणं असतात, ती इथे बहुधा नसतात. स्क्रिप्टकडे ओटीपी घ्यायला मोबाइल नसतो. कर्मचारी नोकरी सोडून गेला की एचआरच्या यादीतून त्याचं खातं बंद होतं. पण त्यानं सुरू केलेल्या स्क्रिप्टचं खातं कुठल्याच यादीत नसतं, म्हणून ते वर्षानुवर्षं चालू राहतं.

मुळात ओक्टामधली चोरीही अशाच एका खात्यामुळे झाली होती. ग्राहकांच्या तक्रारी हाताळणाऱ्या प्रणालीत एक सर्व्हिस अकाउंट होतं. त्याला ग्राहकांच्या तक्रारी पाहण्याचा आणि बदलण्याचा अधिकार होता. ओक्टाच्या तपासानुसार एका कर्मचाऱ्यानं कंपनीच्या लॅपटॉपवर क्रोममध्ये स्वतःच्या खासगी गुगल खात्यानं लॉगिन केलं होतं, आणि या सर्व्हिस अकाउंटचा पासवर्ड त्या खासगी खात्यात सेव्ह झाला होता. ते खासगी खातं किंवा त्या व्यक्तीचं एखादं उपकरण चोरांच्या ताब्यात गेलं असावं, हीच सर्वांत संभाव्य वाट, असं ओक्टानं म्हटलं. तक्रारींसोबत ग्राहकांनी पाठवलेल्या काही फायलींत चालू लॉगिनची टोकनं होती. चोरांनी १३४ ग्राहकांच्या फायली पाहिल्या.

क्लाउडफ्लेअरमध्ये राहून गेलेल्या त्या चार चाव्यांचं पुढे काय झालं, हे बारकाईनं पाहण्यासारखं आहे. १४ नोव्हेंबरला चोरांनी चाचपणी सुरू केली. दुसऱ्या दिवशी त्यांनी पहिलं टोकन वापरून कंपनीचं बाहेरचं दार ओलांडलं. मग दुसरी चावी काढली. ती स्मार्टशीट या तक्त्यांच्या ॲपसाठी उघडलेल्या खात्याची होती. हे ॲप जिरा या कामांच्या नोंदी ठेवणाऱ्या प्रणालीशी जोडलेलं होतं, आणि त्याच्या खात्याला जिरामध्ये ॲडमिनचे अधिकार होते. तिसऱ्या खात्यातून कंपनीच्या सोर्स कोडच्या भांडारापर्यंत पोचता येत होतं. चोरांनी कंपनीच्या अंतर्गत विकीत ‘सिक्रेट’, ‘टोकन’ असे शब्द टाकून शोध घेतला. आणखी चाव्या कुणी कुठे लिहून ठेवल्या आहेत का, तेच ते पाहत होते. त्यांनी कोडची १२० भांडारं चाळली.

नोंदी वाचणं आणि त्यांत भर घालणं एवढ्याच कामासाठी दिलेल्या खात्याला ॲडमिन अधिकार असले, तर काय होतं, ते १६ आणि २२ नोव्हेंबरला दिसलं. चोरांनी आधी त्या अधिकाराच्या जोरावर नेहमीच्या कर्मचाऱ्यासारखं दिसणारं एक नवं खातं उघडून ठेवलं. नंतर जिरातल्या एका प्लगइनमधून सर्व्हरवर स्लिव्हर नावाचं दूरनियंत्रणाचं साधन बसवलं. आता मूळ चावी बदलली तरी त्यांच्या दोन वाटा उघड्या राहणार होत्या. २३ नोव्हेंबरला सुरक्षा विभागाला सुगावा लागल्यावर ३५ मिनिटांत स्मार्टशीटचं खातं बंद झालं, आणि त्यानंतर ४८ मिनिटांनी ते बनावट खातंही सापडून बंद झालं. स्लिव्हर मात्र दुसऱ्या दिवशी काढलं गेलं. चोरी कळायच्या आधी चावी बदलली असती, तर एवढ्यावर भागलं असतं. नंतर बदलायची वेळ येते तेव्हा त्या चावीनं काय काय निर्माण केलं, हेही शोधावं लागतं.

चौथं खातं ॲमेझॉनच्या क्लाउडमधल्या एका भागाचं होतं. त्या भागातून कंपनीच्या जागतिक जाळ्यात शिरता येत नव्हतं, आणि तिथे ग्राहकांची माहितीही नव्हती. चूक चारही बाबतींत सारखीच झाली होती, पण या चावीचा आवाकाच लहान होता. खात्याला कामापुरतेच अधिकार द्यावेत, असं या क्षेत्रात सांगितलं जातं, त्याचा अर्थ इथे डोळ्यांनी दिसतो.

मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची वाटते ती ‘वापरात नाहीत’ ही समजूत. एखादी चावी खरोखरच वापरात नसेल, तर ती रद्द केल्यानं काहीच बंद पडत नाही. म्हणजे बदलायला सर्वांत सोपी चावी तीच. तरी टीममध्ये नेमकं उलटं घडतं. ‘ही कुणी वापरत नाही, राहू दे’ असं म्हणून ती मागे ठेवली जाते, कारण मनात धास्ती असते की न जाणो, कुठेतरी काहीतरी बंद पडलं तर? ही धास्ती घालवायची असेल तर रद्द करण्याची वाट परत फिरता येईल अशी हवी. एका छोट्या उदाहरणावरून ती पाहू.

समजा, एका टीमची स्क्रिप्ट रोज रात्री विक्रीचा अहवाल तयार करून ॲमेझॉनच्या एस-थ्री साठवणीत ठेवते. सुरुवातीला कुणीतरी घाईत स्वतःची ॲडमिन चावी स्क्रिप्टमध्ये चिकटवलेली असते. पहिली दुरुस्ती म्हणजे स्क्रिप्टसाठी `vikri-ahval` असं वेगळं खातं उघडायचं आणि त्याला एकाच फोल्डरमध्ये फाइल ठेवण्याचा, म्हणजे `s3:PutObject` एवढाच अधिकार द्यायचा. ही चावी चोरीला गेली तरी चोराला जुने अहवाल वाचता येणार नाहीत की पुसता येणार नाहीत. त्याच नावाची फाइल वर लिहून जुनी झाकणं मात्र शक्य राहतं. त्यासाठी साठवणीत जुन्या आवृत्त्या जपण्याची सोय चालू ठेवावी लागते.

आता चावी बदलायची. ॲमेझॉन एका खात्याला एका वेळी दोन चाव्या ठेवू देतं. या सोयीमुळे काम न थांबवता बदल करता येतो.

```
aws iam create-access-key --user-name vikri-ahval
aws iam get-access-key-last-used --access-key-id OLD_KEY_ID
aws iam update-access-key --user-name vikri-ahval \
  --access-key-id OLD_KEY_ID --status Inactive
```

पहिल्या आज्ञेनं दुसरी चावी तयार होते; ती स्क्रिप्टला द्यायची आणि रात्रीचा अहवाल नीट गेला का ते पाहायचं. दुसरी आज्ञा जुनी चावी शेवटची कधी आणि कोणत्या सेवेसाठी वापरली गेली ते सांगते. नवी चावी दिल्यानंतरही जुनीची तारीख पुढे सरकत असेल, तर ती आणखी कुठेतरी वापरली जाते आहे. तिची एखादी प्रत दुसऱ्या स्क्रिप्टमध्ये असेल, किंवा कुणा परक्याच्या हातात. तिसऱ्या आज्ञेनं जुनी चावी निष्क्रिय होते, पण पुसली जात नाही. काही अडलंच तर `Inactive` च्या जागी `Active` लिहून ती लगेच परत चालू करता येते. काही दिवस शांततेत गेले की मग पुसायची.

यात एक फसगत आहे. शेवटच्या वापराची तारीख जुनी असली म्हणजे चावी निरुपयोगीच, असं नाही. ३१ मार्चला वर्षातून एकदाच चालणारी हिशेबाची स्क्रिप्ट अकरा महिने गप्पच असते. म्हणून प्रत्येक सर्व्हिस अकाउंटच्या नोंदीत ते कशासाठी आहे, किती वेळा चालतं आणि त्याची जबाबदारी कोणत्या व्यक्तीवर आहे, हे लिहिलेलं असावं. ती व्यक्ती टीम सोडून गेली की नोंदीत नवं नाव आलं पाहिजे.

चाव्या ठेवायच्या कुठे, हा प्रश्न उरतो. कोडमध्ये, चॅटवर, सामायिक एक्सेल फायलीत किंवा ब्राउझरच्या स्मरणात ठेवल्या, तर त्यांच्या किती प्रती झाल्या हे कुणालाच सांगता येत नाही, आणि ज्याच्या प्रती मोजता येत नाहीत ते बदलणंही अवघड. त्यासाठी व्हॉल्ट वापरतात. व्हॉल्ट म्हणजे गुपितं सांकेतिक रूपात जपणारा आणि कुणी कधी काय मागितलं याची नोंद ठेवणारा सर्व्हर. स्क्रिप्टमध्ये चावी नसते. चालताना ती व्हॉल्टकडे मागते. हाशीकॉर्पच्या व्हॉल्टसारख्या साधनांत याच्याही पुढची सोय आहे.

```
vault read database/creds/ahval-vachan
```

अशी मागणी आली की व्हॉल्ट डेटाबेसमध्ये त्याच क्षणी नवा वापरकर्ता तयार करून त्याचा पासवर्ड देतो, आणि ठरवलेली मुदत, समजा एक तास, संपली की तो वापरकर्ता काढून टाकतो. मग चावी बदलण्याची आठवण कुणाला ठेवावी लागत नाही. उशिरानं कुणाच्या हाती ती लागली तरी तोवर मेलेली असते.

व्हॉल्टलाही मर्यादा आहेत. व्हॉल्टमध्ये शिरायला स्क्रिप्टला स्वतःची ओळख पटवावी लागते, आणि त्यासाठी पुन्हा पासवर्ड लिहून ठेवला तर आपण होतो तिथेच येतो. क्लाउडवरच्या यंत्रांना ती ओळख क्लाउड कंपनीच देते, म्हणून तिथे हे सुटतं. ऑफिसच्या कोपऱ्यातल्या जुन्या सर्व्हरवर इतकं सहज सुटत नाही. शिवाय स्क्रिप्टनं मिळालेला पासवर्ड चुकून लॉगमध्ये छापला, तर व्हॉल्ट काही करू शकत नाही.

म्हणून पहारा लागतोच, आणि इथे सर्व्हिस अकाउंटचा एक गुण कामी येतो. माणूस कधी घरून, कधी प्रवासातून लॉगिन करतो. अहवालाची स्क्रिप्ट रोज त्याच सर्व्हरवरून, त्याच वेळी, तेच काम करते. तिचं खातं दुसऱ्या पत्त्यावरून एकदा जरी उघडलं, तरी ती धोक्याची खूण मानता येते. ओक्टाचे लोक सुरुवातीला तक्रारी कुणी उघडल्या याच्या नोंदी तपासत होते. चोर मात्र थेट फायलींच्या पानावर गेला होता, आणि त्याची नोंद वेगळ्या प्रकारची होत होती, त्यामुळे चौदा दिवस ती डाउनलोड्स त्यांना दिसलीच नाहीत. १३ ऑक्टोबरला बियॉन्डट्रस्ट या ग्राहक कंपनीनं संशयास्पद आयपी पत्ता कळवला. त्या पत्त्यावरून नोंदी पुन्हा चाळल्यावर तपास त्या सर्व्हिस अकाउंटपर्यंत पोचला.