जुन्या मोटरसायकलची प्रामाणिक जाहिरात

"गाडी एकदम टकाटक, सिंगल हँड, पेपर क्लिअर, किंमत बोलून ठरवू." या जाहिरातीत तपासून पाहता येईल अशी गोष्ट एकच आहे: मालक पहिलाच. बाकी शब्दांच्या जागी माहिती हवी. 'टकाटक' काढून वर्ष, किलोमीटर आणि दोष लिहावेत. लपवलेला दोष चक्कर मारताना कळतोच, आणि मग किलोमीटरच्या आकड्यावरही विश्वास राहत नाही.

सर्वांत फसवे शब्द 'पेपर क्लिअर'. कर्ज फिटले तरी आरसीवर बँकेचा बोजा राहिलेला असू शकतो. तो उतरवायला बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ लागतो. तोवर गाडी नव्या मालकाच्या नावावर होताना अडते. म्हणून बोजाची स्थिती जाहिरातीतच सांगावी.

दुरुस्त मजकूर असा होईल: "स्प्लेंडर प्लस, २०१८, पहिला मालक, ४१,००० किमी. इंजिन उघडलेले नाही. टाकीला डावीकडे पोचा, मागचा टायर बदलावा लागेल. कर्ज फिटले, आरसीवरचा बोजा उतरवला आहे. विमा फक्त थर्ड पार्टी, मार्चपर्यंत. पीयूसी संपली आहे. ३८,००० रुपये, थोडे कमी होतील. नावावर करण्याचा खर्च घेणाऱ्याचा."