हॉस्टेलचं वाय-फाय रात्री नऊनंतरच का रडतं? कॉलेजच्या ‘फेअर युज’ नोटिशीमागचं गणित

महाडीबीटीवर स्कॉलरशिपचा फॉर्म भरायची शेवटची तारीख. रात्रीचे साडेनऊ. उत्पन्नाच्या दाखल्याची पीडीएफ फक्त काही केबींची, पण अपलोडचं गोल चक्र थांबायलाच तयार नाही. हॉस्टेलच्या वाय-फायला रेंज मात्र फुल्ल!

पुण्यातल्या हॉस्टेलमध्ये राहणाऱ्या कुणालाही हा अनुभव नवा नाही. कॉलेजच्या कॉम्प्युटर सेंटरची नोटीसही ओळखीचीच असते. प्रत्येकाला ठरावीक स्पीड, दिवसाला ठरावीक जीबी, टोरंट बंद, रूममध्ये स्वतःचा राउटर लावायचा नाही. वाचून वाटतं, फी घेतात आणि वर कंजूषी करतात. पण यातल्या प्रत्येक ओळीमागे एक साधं गणित आहे. ते कळलं, की तुमचा फॉर्म का अडकला आणि तो कसा सोडवायचा, दोन्ही समजेल.

आधी लाइनचं गणित

समजा, हॉस्टेलला १ जीबीपीएसची, म्हणजे १००० एमबीपीएसची लाइन आहे. ऐकायला भरपूर वाटते. आता रात्री नऊला मेसमधून परत आलेली ६०० मुलं एकाच वेळी नेट वापरतायत असं धरा. १००० भागिले ६००, म्हणजे प्रत्येकी जेमतेम १.७ एमबीपीएस.

यूट्यूबच्या हिशोबाने 480p व्हिडिओला साधारण १.१ एमबीपीएस लागतात, 1080p ला ५ आणि 4K ला २०. म्हणजे 1080p बघणारी २०० मुलं ही अख्खी लाइन भरून टाकू शकतात. 4K लावलं तर ५० जण पुरे.

मग नोटिशीत प्रत्येकाला ४-५ एमबीपीएसची मर्यादा कशी काय परवडते? कारण सगळे एकाच क्षणी डेटा ओढत नाहीत. व्हिडिओ पुढचा थोडा भाग आधी उतरवून ठेवतो आणि मग थांबतो. वेब पेज उघडलं की तुम्ही ते वाचत बसता. या मधल्या मोकळ्या वेळात दुसऱ्याचं काम होतं. सगळा डोलारा या थांबण्यावर उभा आहे.

टोरंट नेमकं हेच मोडतं. ते थांबतच नाही, आणि एका फाइलसाठी एकाच वेळी डझनावारी कनेक्शन उघडतं. साधा राउटर माणसं मोजत नाही, त्याला कनेक्शन दिसतात. त्यामुळे ५० कनेक्शनवाल्याला ५० वाटे आणि तुमच्या फॉर्मच्या एका कनेक्शनला एकच वाटा मिळतो. म्हणून टोरंटवर बंदी असते आणि मर्यादा कनेक्शनवर नाही, तर लॉगिनवर लावतात.

जुनी आठवण म्हणून सांगतो. केंद्र सरकारने २००९ मध्ये शिक्षणासाठी आयसीटी मिशन सुरू केलं, तेव्हा कॉलेजांसाठीची योजना होती ५१२ केबीपीएसची जास्तीत जास्त २० कनेक्शन. सगळी मिळून साधारण १० एमबीपीएस, अख्ख्या कॉलेजला! आज 1080p चे दोन व्हिडिओ तेवढी लाइन संपवतात. लाइन वाढली, पण आपली भूक तिच्या पुढे धावली.

दिवसाची जीबी मर्यादा कुठे जाते?

५ एमबीपीएसने तासभर व्हिडिओ चालला, तर सव्वादोन जीबी जातात. मर्यादा ३ जीबीची असेल, तर 1080p वर ती सव्वा-दीड तासात संपते. तोच व्हिडिओ 480p वर बघितलात, तर जवळपास सहा तास पुरते. फोनच्या छोट्या स्क्रीनवर लेक्चर बघताना हा फरक फारसा जाणवतही नाही.

पण बऱ्याचदा जीबी आपण खर्च करतच नाही, फोन करतो. वाय-फाय दिसलं की तो समजतो, आता सगळं फुकट. मग फोटोंचा बॅकअप, अॅप अपडेट, सिस्टिम अपडेट सगळं सुरू. उपाय सोपा आहे. अँड्रॉइडमध्ये कॉलेजच्या वाय-फायच्या सेटिंगमध्ये जाऊन Treat as metered निवडा. आयफोनमध्ये त्याच ठिकाणी Low Data Mode सुरू करा. फोन हात आखडता घेतो.

लाइन मोकळी, तरी नेट स्लो?

हा भाग बहुतेकांना माहीत नसतो. कॉरिडॉरमधल्या वाय-फायच्या डब्याशी, म्हणजे अॅक्सेस पॉइंटशी, एका चॅनलवर एका वेळी एकच फोन बोलू शकतो. बाकीचे रांगेत. म्हणजे इथे वाटून घ्यायची गोष्ट एमबी नाही, वेळ आहे.

समजा, डब्याजवळच्या मित्राचा फोन २०० एमबीपीएसने जोडलाय. १० एमबीची फाइल त्याला ०.४ सेकंदात मिळते. शेवटच्या खोलीतला फोन दोन भिंतींपलीकडून ६ एमबीपीएसने जोडलाय. त्याच फाइलला त्याला १३ सेकंद लागतात, आणि तेवढा वेळ हवा अडलेली असते. एक लांबचा फोन सगळ्यांना मागे खेचतो.

रूममधला खासगी राउटर किंवा दिवसभर चालू ठेवलेला हॉटस्पॉट याच कारणाने नको असतो. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच आहेत, १, ६ आणि ११. प्रत्येक खोलीत एक राउटर लावला, की सगळे एकमेकांवर ओरडायला लागतात आणि कुणाचंच नीट ऐकू येत नाही. अशा वेळी कॉलेजने लाइन दुप्पट केली तरी काडीचा फरक पडत नाही.

दोष कुठे आहे, ते कसं ओळखाल?

बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये जोडलेल्या वाय-फायवर टॅप केलं, की Link speed दिसतो. हा फोन आणि डब्यामधला वेग असतो, इंटरनेटचा नाही. मग fast.com उघडून इंटरनेटचा वेग बघा.

Link speed ५-१० च्या घरात असेल, तर अडचण हवेत आहे. कॉरिडॉरमध्ये डब्याजवळ जा किंवा ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क दिसत असेल तर ते निवडा.

Link speed शंभराच्या वर आहे आणि fast.com मात्र एखादा एमबीपीएस दाखवतंय, तर एक तर लाइन भरली आहे किंवा तुमची दिवसाची मर्यादा संपली आहे. बऱ्याच ठिकाणी मर्यादा संपली की नेट बंद होत नाही, फक्त हळू होतं. म्हणून लॉगिन पेजवर वापर दिसत असेल तर तो आधी बघा. वापर शिल्लक असूनही पहाटे सहाला हाच आकडा आला, तर बिघाड खरा आहे. वेळ, खोली आणि दोन्ही आकडे लिहून कॉम्प्युटर सेंटरला द्या. ‘नेट चालत नाही’ या तक्रारीतून त्यांना काहीच शोधता येत नाही, या चार गोष्टींवरून येतं.

आणि आपला तो अडकलेला फॉर्म? फोन घेऊन डब्याजवळ जा, बॅकअप थांबवा आणि पुन्हा पाठवा. तरीही नाहीच गेला, तर मोबाइल डेटा चालू करा. काही केबींच्या पीडीएफसाठी तो पुरून उरतो.