तळपायावरचा तीळ

हनुवटीवरच्या तिळाचं कौतुक होतं, तळहातावरच्या तिळाला ज्योतिषी अर्थ लावून देतो. तळपायावरच्या तिळाकडे मात्र कोणी ढुंकूनही बघत नाही. मेलॅनोमा हा तिळासारखा दिसणारा त्वचेचा कर्करोग भारतात कमीच आढळतो. पण सावळ्या कातडीत तो झालाच, तर बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो. तिथे उन्हाला दोष देता येत नाही.

जमैकाचा गायक बॉब मार्ली याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली असाच काळा डाग होता. फुटबॉल खेळताना लागलं असेल, असा समज झाला. 1977 मध्ये निदान झालं तेव्हा त्याने अंगठा कापू दिला नाही. 1981 मध्ये, अवघ्या 36 व्या वर्षी तो गेला.

मार कसा ओळखायचा? नखाखाली साकळलेलं रक्त नख वाढतं तसं पुढे सरकतं आणि मुळाशी स्वच्छ नख दिसू लागतं. पायाचं नख हळू वाढतं, त्यामुळे महिना-दोन महिने थांबावं लागतं. डाग जागचा हलत नसेल, एकाच नखावरचा काळा पट्टा रुंद होत असेल किंवा काळेपणा नखाबाहेर कातडीवर उतरला असेल, तर डॉक्टर गाठावा. अनेक नखांवर वर्षानुवर्षं असलेल्या फिकट रेघा सावळ्या लोकांत सर्रास दिसतात. त्यांची धास्ती नको.

कातडीवरच्या तिळासाठी न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी 1985 मध्ये सोपे निकष मांडले. तिळाच्या मधोमध रेघ कल्पावी. दोन्ही अर्धे जुळतात का? कड रेखीव आहे, की टीपकागदावर शाई फुटावी तशी पसरलीय? रंग एकसारखा आहे, की तपकिरीत काळा, लालसर, निळसर राखाडी मिसळलाय? आकार 6 मिलिमीटरच्या, म्हणजे पेन्सिलीमागच्या खोडरबराच्या, पुढे गेलाय का? बदल हा निकष पुढे 2004 मध्ये जोडला गेला, आणि खरं तर सगळ्यांत वजनदार तोच. वीस वर्षं जसाच्या तसा असलेला वाकडा तीळ एकवेळ चालेल. तीन महिन्यांत पसरलेला गोल तीळ नाही. म्हणून शेजारी पट्टी ठेवून, त्याच उजेडात दर महिन्याला फोटो काढावा.

हे निकष फसवतातही. उतारवयात पाठीवर मेण चिकटवल्यासारखे खडबडीत काळे फोड येतात. दिसायला भयंकर, पण निरुपद्रवी. उलट काही मेलॅनोमा गुलाबी, गोल गाठीसारखे असतात आणि भराभर वाढतात.

त्वचारोगतज्ज्ञ डर्मोस्कोप नावाच्या भिंगातून तळपाय बघतो. ठशासारख्या रेषांमध्ये खोलगट चऱ्या असतात आणि उंच कडा असतात. साध्या तिळाचा रंग बहुधा चऱ्यांत साठतो, मेलॅनोमाचा कडांवर. शंका राहिली, तर जमेल तिथे अख्खा डाग काढून तपासायला पाठवतात. म्हणूनच तो आधी चुना लावून किंवा पार्लरमध्ये जाळून घालवू नये. जळालेल्या डागात तपासायला काहीच उरत नाही.